संकष्टी चतुर्थी आणि नागपूरचा चंद्रोदय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याला संकष्टी आली की संध्याकाळी सहापासून माझा फोन वाजायला लागते. ताई चंद्र किती वाजता, काकू कॅलेंडरवर एक वेळ आहे अन् मोबाईलवर दुसरी, आमच्या इथे ढग आहेत आता काय करू. चोवीस वर्षं झाली मी हा उपवास करते, आधी सासूबाईंसोबत अन् आता सुनेसोबत, त्यामुळे जे प्रश्न परत परत येतात ते अन् त्यांची उत्तरं इथे एकदाची लिहून काढली. बहुतेक प्रश्न फिरून फिरून चंद्रोदयावरच येतात कारण या व्रतात सगळं तिथेच अडते, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

संकष्टी म्हणजे नेमकी कोणती चतुर्थी? महिन्यात तर दोन चतुर्थ्या येतात न?

हो, दोन येतात. अमावास्येनंतरची म्हणजे शुद्ध पक्षातली ती विनायकी, अन् पौर्णिमेनंतरची म्हणजे वद्य पक्षातली ती संकष्टी. दोन्ही गणपतीच्याच पण रीत वेगळी आहे. विनायकीची पूजा दुपारची, मध्यान्हाची, अन् तिचा उपवास बऱ्याच घरी दुसऱ्या दिवशी सोडतात. संकष्टीचा उपवास त्याच दिवशी रात्री, चंद्र उगवल्यावर त्याला अर्घ्य देऊन सोडायचा. वर्षाला बारा संकष्ट्या, अधिक महिना असला तर तेरा.

यात एक साधी गोष्ट लक्षात ठेवली की गोंधळ होत नाही. शुद्ध चतुर्थीचा चंद्र म्हणजे बारीक कोर, ती संध्याकाळी आधीच पश्चिमेला असते अन् जेवणाच्या वेळेला मावळून जाते. वद्य चतुर्थीचा चंद्र मोठा असते अन् तो अंधार पडल्यावर पूर्वेला उगवते. म्हणून वाट पाहण्याचा उपवास संकष्टीचाच होऊ शकते.

घरच्या कॅलेंडरवर चंद्रोदय ९:०२ लिहिला आहे. नागपूरला पण ९:०२ च धरायचा का?

नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. भिंतीवरच्या बऱ्याच मराठी कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत जी वेळ छापलेली राहते ती मुंबईची असते. मागच्या पानावर किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरात ते लिहिलेलं पण असते, पण तिकडे कोणी पाहत नाही.

घड्याळ साऱ्या देशाचं एकच आहे पण चंद्र काही साऱ्या देशात एकाच वेळी उगवत नाही. जे गाव जास्त पूर्वेला तिथे तो आधी दिसते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई साधारण ७३ रेखांशाच्या थोडी अलीकडे आहे अन् नागपूर ७९ च्या जरा पुढे, म्हणजे सव्वासहा अंशांचा फरक, म्हणजे पंचवीस मिनिटं. तेव्हा मुंबईला ९:०२ असेल तर आपल्याकडे ८:३७ च्या आसपास चंद्र उगवलेला राहते. पुण्याच्या वेळेतून साधारण एकवीस मिनिटं कमी करायची.

पण हे पंचवीस वर्षभर पक्के नाहीत. हिवाळ्यात, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात, चतुर्थीचा चंद्र पूर्वेच्याही डावीकडे ईशान्येला झुकून उगवते, अन् नागपूर मुंबईपेक्षा दोन अंशांनी उत्तरेला असल्यानं तो आपल्याला आणखी चार-पाच मिनिटं आधी दिसते, म्हणजे फरक अर्ध्या तासापर्यंत जाते. उन्हाळ्याच्या शेवटी ज्येष्ठात चंद्र आग्नेयेकडून येते अन् तेव्हा फरक वीस मिनिटांवर उतरते. म्हणून मी सांगते की अंदाजाला पंचवीस धरा, पण नेमकी वेळ हवी असेल तर नागपूरचीच पाहा. मोबाईलवरच्या पंचांगात गाव निवडायची सोय असते, तिथे नागपूर टाका. दोन ठिकाणी दोन-चार मिनिटांचा फरक दिसला तर घाबरू नका, गणिताच्या पद्धतीत तेवढं इकडेतिकडे होते अन् व्रताला त्यानं काही होत नाही.

विदर्भातच दुसरीकडे असाल तर अमरावतीला नागपूरनंतर पाच मिनिटं, अकोल्याला आठ, अन् गोंदियाला उलट चार-पाच मिनिटं आधी.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा पहिल्या वर्षी मला हे काहीच माहीत नव्हतं. मी माहेरून आणलेल्या कॅलेंडरची वेळ धरून पाटावर बसले होते अन् सासूबाई गच्चीवरून उतरून म्हणाल्या, अगं चंद्र केव्हाचा वर आला, सासरे जेवायचे थांबले आहेत. तेव्हापासून आमच्या घरी कॅलेंडरवर पेनानं नागपूरची वेळ लिहून ठेवायची पद्धत पडली, महिना लागला की पहिलं ते काम.

वेळ होऊन गेली, आभाळ स्वच्छ आहे, तरी चंद्र दिसत नाही. असं काऊन होते?

कारण पंचांगातला चंद्रोदय म्हणजे समोर सपाट मोकळं रान असेल तर क्षितिजावर चंद्राची वरची कड दिसेल तो क्षण. आपल्या समोर रान नाही, समोरच्यांचा फ्लॅट आहे.

चंद्र तासाला साधारण चौदा अंश वर चढते. आता समजा तुम्ही अंगणात उभे आहात अन् रस्त्यापलीकडे चाळीस मीटरवर चार मजली इमारत आहे, बारा मीटर उंच. तिच्या माथ्यावरून चंद्र दिसायला तो जवळपास पंधरा अंश वर यायला पाहिजे, म्हणजे तासभर गेला. ८:३७ चा चंद्र तुम्हाला पावणेदहाच्या सुमारास दिसेल. तीच तुम्ही गच्चीवर गेलात तर दहा-पंधरा मिनिटांत काम होते.

कुठे पाहायचं ते पण महत्त्वाचं. वर सांगितलं तसं, हिवाळ्यात पूर्वेच्या डाव्या हाताला पाहा, उन्हाळ्यात उजव्या हाताला, अन् श्रावण-भाद्रपदाच्या किंवा माघ-फाल्गुनाच्या आसपास जवळजवळ समोर पूर्वेलाच. अगदी खाली असताना तो पिवळट-तांबूस अन् मंद राहते, धुळीत तर पटकन ओळखूच येत नाही, पहिल्यांदा पाहणाऱ्याला दूरचा दिवा वाटते. चतुर्थीचा चंद्र पूर्ण गोल नसते, उगवताना त्याची वरची बाजू जरा घासल्यासारखी दिसते, त्यावरून ओळखायचा.

पावसाळ्यात चंद्र दिसलाच नाही तर उपवास कधी सोडायचा? दुसऱ्या दिवशी?

नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच रात्री सोडायचा. आषाढ-श्रावणात नागपुरात आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही, तेव्हा हा प्रश्न दरवर्षी येते. व्रताला चंद्रोदय लागते, अन् ढगाआड असला तरी चंद्र त्याच्या वेळेला उगवलेलाच राहते. नागपूरची वेळ झाली की थोडं थांबा, पंधरा-वीस मिनिटं आभाळाकडे पाहा, मग पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्या अन् जेवा. काही घरी पाटावर किंवा ताटात तांदळानं चंद्र काढून त्याची पूजा करतात, ते पण चांगलं आहे, लहान मुलांना ते फार आवडते.

ढग असताना एक चूक मात्र टाळा, ती म्हणजे मुंबईची वेळ धरून नागपुरात उगाच वीस-पंचवीस मिनिटं जास्त उपाशी राहणं. आभाळ मोकळं असेल तर चंद्रच सांगते, ढगात मात्र सगळा भार घड्याळावर येते, तेव्हा वेळ आपल्या गावची पाहिजे.

चंद्र कधी आठला येते, कधी दहाला. एवढा फरक कसा?

नागपूरला संकष्टीचा चंद्रोदय वर्षभरात साधारण आठ ते दहाच्या मधे फिरते. वैशाख-ज्येष्ठात सगळ्यात उशीर, दहा पण वाजतात. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत लवकर. एकतर ऋतूप्रमाणे चंद्राची उगवायची जागा सरकते, दुसरं म्हणजे तिथी त्या दिवशी किती पुढे गेलेली आहे त्यावर पण अवलंबून असते, कारण चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवते. लहान मुलांना पहिल्यांदा उपवास करू द्यायचा असेल तर पितृपक्षातली किंवा कोजागरीनंतरची संकष्टी निवडा, ज्येष्ठातली नको, एकतर ऊन अन् त्यात दहापर्यंत वाट.

संध्याकाळी नेमकं काय काय करायचं अन् कोणत्या क्रमानं? वेळेसकट सांगा.

आमच्या घरचा क्रम सांगते, चंद्रोदय ८:३७ धरून.

साडेसातपर्यंत स्वयंपाक होऊन जायला पाहिजे, कारण एकदा पाटावर बसलं की उठता येत नाही. मग हातपाय धुऊन, जमलं तर आंघोळ करून, पावणेआठला पूजेला बसायचं. गणपतीला पाणी, पंचामृत, परत पाणी, मग लाल गंध, अक्षता, जास्वंद, अन् एकवीस दूर्वा. दूर्वा कोवळ्या अन् तीन किंवा पाच पात्यांच्या घ्यायच्या, गोकुळपेठ बाजारात जुड्या मिळतात पण त्यात साधं गवतही मिसळलेलं राहते, म्हणून निवडून घ्या. तुळस गणपतीला वाहत नाही.

मग अथर्वशीर्ष. एक आवर्तन शांतपणे म्हटलं तर चार-पाच मिनिटं लागतात. एकवीस म्हणायची असतील तर दीड-दोन तास धरा अन् दुपारीच सुरू करा, चंद्राची वेळ आली म्हणून घाईत उरकू नका. एकवीस आवर्तनं करताना फलश्रुती दर वेळी नाही, शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच म्हणायची. अथर्वशीर्ष येत नसेल तर संकटनाशन स्तोत्र घ्या, ते नारदांच्या तोंडचं आहे, आठच श्लोक आहेत, त्यात वक्रतुंड, एकदंत यापासून गजाननापर्यंत बारा नावं येतात. त्यातलं नववं नाव भालचंद्र, कपाळावर चंद्र असलेला. मला ते नाव म्हणताना दर वेळी गच्चीवरची वाट आठवते.

साडेआठच्या आत आरती, मोदकाचा नैवेद्य, अन् मग ताम्हन, पळी, तांब्या घेऊन गच्चीवर. अर्घ्याच्या पाण्यात गंध, अक्षता, फूल अन् दूर्वा घालायची. पोथीच्या रीतीनं अर्घ्य तिघांना देतात, चतुर्थी तिथीला, गणपतीला अन् चंद्राला. तिन्ही जमत नसतील तर चंद्राचं तरी चुकवू नका. चंद्राकडे तोंड करून ओंजळीतून किंवा पळीनं ताम्हनात पाणी सोडायचं अन् म्हणायचं:

गगनार्णवमाणिक्य चंद्र दाक्षायणीपते।
गृहाणार्घ्यं मया दत्तं गणेशप्रतिरूपक॥

म्हणजे आकाशाच्या समुद्रातल्या माणका, दक्षकन्यांच्या पती, गणेशाचंच रूप असलेल्या चंद्रा, मी दिलेलं अर्घ्य घे. मग नमस्कार, ताम्हनातलं पाणी कुंडीत, अन् खाली येऊन जेवण. ८:५५ पर्यंत पानं वाढलेली राहतात.

चंद्र उगवला त्याच मिनिटाला अर्घ्य द्यायला पाहिजे का? मला ऑफिसमधून यायलाच साडेनऊ होतात.

त्याच मिनिटाला नाही. चंद्रोदय झाल्यावर द्यायचं, आधी नाही, एवढाच नियम आहे. साडेनऊला आलात तर साडेनऊला द्या, तोवर चंद्र वर आलेला राहते अन् इमारतीआडून शोधायची पण गरज पडत नाही. उलट घाईनं वेळेच्या आधी अर्घ्य देऊन जेवून घेऊ नका.

उपवासाला काय चालते? सांबार चालते का? मीठ?

यात शास्त्रापेक्षा घरची रीत मोठी. आपल्याकडे साबुदाण्याची उसळ, भगर, फल्लीदाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, शिंगाड्याचा शिरा, राजगिरा, दूध, फळं हे सगळ्यांकडे चालते. सांबार म्हणजे कोथिंबीर काही घरी चालते काही घरी नाही, जिरं पण तसंच. मिठाला आमच्याकडे सैंधव घेतात, बऱ्याच घरी साधं मीठ चालते. काही जण दिवसभर फक्त पाण्यावर राहतात, पण ते बंधनाचं नाही.

एवढंच सांगते की दुपारी एकदा साबुदाणा अन् चारला परत साबुदाणा असं केलं तर रात्री जेवण जात नाही अन् पोट फुगते. दुपारी भगर-आमटी थोडी, मधे फळ किंवा ताक, पुरते तेवढं. अन् उन्हाळ्यात नागपूरचं ऊन पाहता पाणी अजिबात कमी करू नका.

मोदक उकडीचेच पाहिजेत का?

नाही. उकडीचे कोकणातले, तिकडे तांदूळ अन् ओलं खोबरं मुबलक. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कणकेचे तळणीचे मोदक, आत सुकं खोबरं, खसखस अन् गूळ किंवा साखर. एकवीस जमले नाही तर अकरा, पाच, अन् तेही नाही जमले तर गूळखोबऱ्याचा नैवेद्य. सारणात ओल राहिली तर मोदक तेलात फुटते, म्हणून खोबरं आधी भाजून थंड करून घ्या.

मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. चंद्रोदयापर्यंत थांबू का?

आधी डॉक्टरांना विचारा, अन् उपवासाच्या दिवशी सकाळी नाही, आठवडाभर आधी. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील अन् नेहमीचं जेवण बंद असेल तर साखर एकदम उतरू शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही खूण आहे. मीटरवर ७० च्या खाली दिसली तर चंद्राची वाट पाहायची नाही, लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची अन् पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. साबुदाणा साखर झपाट्यानं वाढवते हे पण ध्यानात ठेवा.

सासूबाईंना शुगर निघाल्यावर त्या नेहमीच्या वेळेला भाजी-पोळी जेवायला लागल्या, फक्त रात्री माझ्यासोबत गच्चीवर येऊन अर्घ्य त्याच द्यायच्या. शेवटपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. गरोदर बायकांना, आजारी माणसांना मी हेच सांगते, पोटाला ताण देऊ नका, अर्घ्य द्या.

गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणतात, मग संकष्टीला त्याचीच पूजा कशी?

कथा अशी की गणपतीचं रूप पाहून चंद्र हसला, तेव्हा गणपतीनं त्याला शाप दिला की तुला जो पाहील त्याच्यावर खोटा आळ येईल. चंद्र शरण आला, मग शाप भाद्रपद शुद्ध चतुर्थीपुरता राहिला. श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याचा आळ आला तो त्या दिवशी चंद्र दिसल्यामुळेच असं सांगतात. वद्य चतुर्थीला मात्र चंद्राला मान मिळाला. वरच्या अर्घ्याच्या मंत्रात चंद्राला गणेशप्रतिरूपक म्हटलं आहे, म्हणजे ज्याला शाप दिला त्यालाच देवानं आपलं रूप करून घेतलं. दोन्ही दिवस वेगळे, पक्ष वेगळा, चंद्रही वेगळा, त्यामुळे यात विरोध काही नाही.

अंगारकी म्हणजे काय, अन् टेकडीवर कधी जावं?

संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी. अंगारक म्हणजे मंगळ, त्यानं गणपतीची तपश्चर्या केली अन् चतुर्थीला देव प्रसन्न झाला अशी कथा आहे. एका अंगारकीला एकवीस संकष्ट्यांचं फळ मानतात, म्हणून एरवी उपवास न करणारे पण ही करतात. २०२६ मधे ६ जानेवारीची पौषातली संकष्टी अंगारकी होती.

सीताबर्डीच्या टेकडी गणपतीला त्या दिवशी पहाटेपासून रांग असते अन् संध्याकाळी तर विचारूच नका. दर्शन सकाळीच करून घ्या, गाडी न्यायच्या ऐवजी मेट्रोनं सीताबर्डीला उतरून चालत गेलेलं बरं. संध्याकाळी टेकडीवर जाऊन चंद्रोदयाला घरी पोचायचं असं ठरवलं तर बहुतेक वेळा चंद्र रस्त्यातच उगवते. नागपूर जिल्ह्यातल्या अदाशाच्या गणपतीला जायचं असेल तर तेही सकाळीच.

कॅलेंडरवर त्या तारखेला तृतीया लिहिली आहे अन् खाली संकष्टी पण. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. चौकटीत जी तिथी छापतात ती सूर्योदयाच्या वेळची. संकष्टी ठरते ती चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी आहे की नाही यावर. वर सांगितलेली ६ जानेवारी २०२६ चीच पाहा, त्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा तृतीयाच होती, चतुर्थी सकाळी आठच्या सुमारास लागली अन् दुसऱ्या दिवशी पहाटे संपत आली. रात्री चंद्र उगवला तेव्हा चतुर्थी होती, म्हणून संकष्टी ६ ला. ७ तारखेच्या रात्री चंद्र उगवला तेव्हा पंचमी लागलेली होती.

आमच्या शेजारी हिंदी भाषिक आहेत, त्यांचा करवा चौथ अन् आपली संकष्टी एकाच दिवशी कशी?

कारण दिवस तोच आहे, महिन्याचं नाव वेगळं. आपला महिना अमावास्येला संपते, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्ष आला की त्यांचा महिना एकानं पुढे जाते. आपली आश्विन वद्य चतुर्थी म्हणजे त्यांची कार्तिक कृष्ण चतुर्थी, तोच करवा चौथ. तसंच आपल्या पौषातली संकष्टी म्हणजे त्यांचा माघातला सकट चौथ, तिळाचा नैवेद्य करतात तो. नागपुरात त्या दोन्ही रात्री गच्चीवर त्यांची चाळणी अन् आमचं ताम्हन शेजारीशेजारी राहते, अन् चंद्र पहिल्यांदा ज्याला दिसला तो बाकीच्यांना हाका मारते.

अधिक महिन्यातली संकष्टी करायची का?

करायची. दर महिन्याचं व्रत आहे, महिना अधिक असला तरी वद्य चतुर्थी येतेच. २०२६ मधे ज्येष्ठ अधिक, म्हणून त्या वर्षी तेरा.

पाळी किंवा सुतक असलं तर? अन् चुकून काही खाल्लं तर?

उपवास स्वतः करायचा, पूजा अन् अर्घ्य घरातल्या दुसऱ्या कोणी द्यायचं, ही जुनी रीत. मनातल्या मनात नाव घ्यायला कधीच बंदी नाही. पाळीत पूजा करणाऱ्या बायकाही आता खूप आहेत, ते ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं. चुकून खाल्लं तर देवाला नमस्कार करून उरलेला दिवस उपवास चालू ठेवा. आमच्या सुनेनं एकदा डब्यातली पोळी अर्धी खाल्ल्यावर आठवलं, तिनं तिथेच डबा बंद केला अन् रात्री अर्घ्य दिलं.

मुलगा अमेरिकेत आहे, त्यानं नागपूरच्या वेळेला उपवास सोडायचा का?

ज्या गावात माणूस आहे त्या गावचा चंद्र. रेल्वेत असाल तर जिथे रात्र झाली तिथला. अमेरिकेत तर कधी कधी तारीखच बदलते, कारण आपल्याकडे रात्री चतुर्थी असते तेव्हा त्यांच्याकडे सकाळ असते, अन् त्यांचा चंद्र उगवेपर्यंत पंचमी लागलेली राहते. अशा वेळी त्यांची संकष्टी आपल्या एक दिवस आधी पडू शकते. पंचांगात त्याच्या गावाचं नाव टाकून पाहायला सांगा.

पुण्याची बहीण म्हणते संकष्टी आज, आमचे गुरुजी म्हणतात उद्या. एकाच महाराष्ट्रात असं होते का?

क्वचित होते, अन् दोघंही बरोबर राहू शकतात. आकडे घेऊन समजावते. समजा एखाद्या दिवशी चतुर्थी रात्री ८:४५ ला लागते. नागपूरला चंद्र ८:३७ ला उगवला, तेव्हा तृतीया होती. पुण्याला चंद्र ८:५८ ला उगवला, तेव्हा चतुर्थी लागलेली. म्हणून पुण्याची संकष्टी आज. आपल्याकडे उद्या पाहायचं. उद्या नागपूरचा चंद्रोदय साधारण ९:२५ ला, अन् चतुर्थी समजा ९:३५ पर्यंत आहे, तर आपली संकष्टी उद्या. पुण्याला उद्या चंद्र पावणेदहाला उगवेल तोवर चतुर्थी संपलेली, म्हणून त्यांची आजच.

आता चतुर्थी उद्या संध्याकाळी सातलाच संपत असेल तर? मग नागपूरला दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी मिळत नाही. अशा वेळी दुसरा दिवस घ्यायचा, असं धर्मसिंधूत सांगितलं आहे. अन् तिथी लांबली अन् दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी मिळाली तर पहिला, म्हणजे तृतीयेला जोडलेला दिवस घ्यायचा.

तुमच्याकडे अशी शंका आली की तीनच गोष्टी कागदावर लिहा, चतुर्थी कधी लागते, कधी संपते, अन् दोन्ही दिवसांचा नागपूरचा चंद्रोदय. चंद्रोदय चतुर्थीच्या आत नीट मधे पडत असेल तर शंका उरत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या काठावर असेल तर गुरुजींना नागपूरच्या वेळेचं गणित विचारा, अन् बहिणीला पुण्याची करू द्या.